‘नुसता पाय मुरगळला होता’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हरिश्चंद्रगडावर आमच्या ट्रेकमधल्या एका ताईंना डोलीतून खाली आणावं लागलं, त्याबद्दल आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं निघालं नाही, तेव्हा हल्लीचे गाईड पाय मुरगळला तरी घाबरतात, असा त्याचा सूर होता. त्या दिवशी निर्णय मी घेतला होता, म्हणून लिहितो आहे.

नोव्हेंबरमधला रविवार. आम्ही अठराजण आणि तीन लीडर पहाटे सहाला खिरेश्वरहून निघालो. तोलारखिंड ओलांडून रेलिंगचा कातळटप्पा आठ-सव्वाआठला पार केला. अवघड म्हणतात तो भाग संपला होता. त्यापुढे पठारावर टेकाडांमागून टेकाडं येतात. पावसाळ्यात वाढलेलं गवत या दिवसांत वाळून आडवं पडतं आणि खालचे सुटे दगड त्यात दिसत नाहीत. नऊ वीसला ताईंचा उजवा पाय अशाच एका दगडावर पडला. पाऊल आत वळलं आणि सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर आला. टक असा आवाज मला चार पावलांवरून ऐकू आला. आवाजावरून काही ठरत नाही. लिगामेंट फाटतानाही तो येतो आणि हाडाला तडा जातानाही.

पहिली पाच मिनिटं मी कुणालाही पायाला हात लावू दिला नाही. आपल्याकडे मुरगळलेला पाय दिसला की कुणीतरी तेल घेऊन चोळायला बसतंच. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव चालू असतो, चोळल्याने तो आणि सूज दोन्ही वाढतात. बुटाची नाडी पूर्ण सैल करून बूट आणि मोजा हलकेच काढला. अंड्याएवढी सूज आली होती, पण सुजेवरूनही हाडाचं कळत नाही. कळतं ते बोटाने दाबून. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, मागच्या कडेने मी दाबत गेलो, मग आतल्या हाडावर तसंच केलं, मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असलेला उंचवटा आणि आतल्या बाजूची कमान तपासली. बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबताच ताईंनी माझं मनगट धरलं. हाडाच्या पुढच्या खोलगट भागात, जिथे लिगामेंट असतं, तिथे दुखणं अपेक्षितच असतं. थेट हाडावर दुखलं तर एक्स-रे हवाच. दुसरी कसोटी चार पावलं टाकण्याची. लंगडत टाकली तरी चालतात. त्यांना धरून उभं केलं, तर दोनच टाकता आली.

हे नियम डॉक्टर दवाखान्यात वापरतात. एक्स-रेची गरज कुणाला नाही, हे त्यातून बऱ्यापैकी खात्रीने कळतं. हाड मोडलंय का, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यात अडकलेल्या बऱ्याच जणांचं हाड पुढे शाबूतच निघतं. डोंगरावर मला मात्र मोडलंय असंच धरून चालावं लागतं.

आता उतरवायचं कुठून? बस खिरेश्वरला उभी होती, त्यामुळे मागे फिरावं असं काहींचं म्हणणं पडलं. पण मागे तो कातळटप्पा होता. तिथे दोन्ही हात रेलिंगवर आणि दोन्ही पाय खोबणीत लागतात. एका पायाच्या माणसाला तिथून उतरवायचं म्हणजे दोर लावून टप्प्याटप्प्याने सोडायचं, म्हणजे नवा धोका पत्करायचा. पुढे गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत साधारण तासाची चाल होती आणि तिथून पाचनई गावात उतरणारी वाट खूपच सौम्य आहे. शिवाय देवळाजवळ पाचनईच्या लोकांच्या जेवणाच्या टपऱ्या असतात, म्हणजे वाट पाठ असलेली माणसं तिथेच मिळणार होती.

“देवळापर्यंत खांदा देऊन नेऊ, जेवण होईपर्यंत बघू, पाय मोकळा होईल,” असंही एकजण कळकळीने म्हणाला. खांदा द्यायचा तर तिघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढी वाट हवी, आणि ती वाट एका माणसाची आहे. दुसरं कारण उजेडाचं. देवळात तीनपर्यंत थांबून मग उचलायचं ठरवलं असतं, तर अंधार पाचनईच्या वाटेवरच्या कड्याखालच्या कपारीत पडला असता. सहानंतर डोली घेऊन तिथे चालणं मला मान्य नव्हतं. म्हणून नऊ पन्नासला ठरलं, आजच आणि आत्ताच उतरवायचं. ताईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या, कोकणकडा बघायचा होता त्यांना.

एक लीडर टपऱ्यांकडे निघाला, दुसऱ्याने बाकीच्यांना पुढे नेलं. वाटेत रेंज मिळाली तिथून त्याने पाचनईत जीप आणि राजूरच्या दवाखान्यात निरोप दिला. मी आणि ताईंची मैत्रीण मागे थांबलो. पाय सॅकवर उंच ठेवला, ओला पंचा वीस मिनिटं गुंडाळला, मग बोटांकडून वर असं क्रेप बँडेज बांधलं आणि कॅरीमॅट टाचेखालून इंग्रजी यू आकारात वळवून दोन्ही बाजूंनी बांधली. दर अर्ध्या तासाने अंगठ्याचं नख दाबून सोडायचो. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. अकराला त्याला वेळ लागला आणि ताई म्हणाल्या, “दादा, बोटं बधिर झाल्यासारखी वाटतायत.” सूज वाढली होती आणि बँडेज तेवढंच राहिलं होतं. सोडून सैल बांधलं, दहा मिनिटांत बोटं ऊबदार झाली. सकाळी नीट बांधलंय म्हणून मी ते पुन्हा पाहिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

बाराच्या सुमारास पाचनईची आठ माणसं बांबू आणि घोंगडी घेऊन आली. घोंगडीची झोळी बांबूला बांधली, दोघं पुढे-मागे खांद्यावर घेत आणि थोड्या थोड्या वेळाने खांदा बदलत. वळणावर पुढचा माणूस “दगड” म्हणायचा आणि मागचा न बघता पाय उचलायचा. पावणेदोनला देऊळ, सव्वापाचला पाचनई. गावातल्या मारुतीपाशी जीप उभी होती तेव्हा अजून उजेड होता. एरवी देवळापासून दीड-दोन तासांची ती उतरण, डोलीने साडेतीन तासांची झाली.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं, लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे आधार देऊन पाय जपायला सांगितलं. पत्रलेखकांना यात माझी चूक दिसते. पण निर्णय नऊ पन्नासला घ्यायचा होता आणि तेव्हा माझ्या हातात दुखणारं हाड, दोनच पावलं आणि आठ तासांचा उजेड एवढंच होतं. ते तसंच असेल तर पुढच्या वेळीही मी डोलीच मागवेन.

चूक माझी झाली, पण ती वेगळीच. गाडीत बसल्यावर ताईंनी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी तोच घोटा मुरगळला होता. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, विशेषतः त्यानंतर व्यायाम करून तोल परत कमावला नसेल तर. आमच्या फॉर्मवर ‘काही आजार किंवा दुखापत’ असा रकाना आहे, त्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. बरा झालेला पाय कुणाला दुखापत वाटत नाही. मी तो कागद वाचून फाइलला लावला, तोंडी विचारलं नाही. आता गाडीतून उतरल्यावर सगळ्यांना गोल उभं करून विचारतो, “घोटा कधी मुरगळला होता का, कुठला?” गेल्या रविवारी चौदाजणांत चौघांनी हात वर केले. त्या चौघांचेही फॉर्म कोरे होते.

आपला,
एक ट्रेक लीडर, जुन्नर