साखरेच्या रकान्यात न येणारी साखर

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या नाश्त्यावरचा लेख वाचला. डब्यामागच्या तक्त्यात साखरेचा आकडा पाहून सीरियल निवडा, असा सल्ला त्यात आहे. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मी दादरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या आया आता हा आकडा वाचूनच डबा घेतात आणि तरीही फसतात, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात भांडुपच्या एक ताई सीरियलचा रिकामा खोका पिशवीत घालून घेऊन आल्या. सकाळी लोकल गाठायची घाई, मुलगा पोहे-उपमा खायला वेळ लावतो, म्हणून घरात सीरियल आलं. "मॅडम, साखर बघूनच घेतलं, शेजारच्या चॉकलेटवाल्यापेक्षा कितीतरी कमी आहे. पण साडेदहालाच त्याला परत भूक लागते, बाई डायरीत लिहून पाठवतात." खोक्याच्या दर्शनी बाजूला ओट्सची कणसं, स्ट्रॉबेरी आणि मधाचा थेंब. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण बहुतेक खोक्यांची मांडणी अशीच असते. आम्ही तो खोका ओळीओळीने वाचला. तसाच इथे मांडते.

घटकांची यादी अशी होती: मक्याचा रवा, ओट्स (१८%), साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, सुकवलेल्या फळांचे तुकडे (४%), डेक्स्ट्रोज, सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, मध (१%), मीठ, मग इमल्सिफायर, स्वाद आणि जीवनसत्त्वं. तक्त्यात दर १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ८३ ग्रॅम, टोटल शुगर्स म्हणजे सगळी मिळून साखर २१, त्यातल्या ॲडेड शुगर्स म्हणजे वरून घातलेली साखर १८ आणि तंतू ५ ग्रॅम.

आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जास्त असेल ते आधी. गोडवा एकाच पदार्थातून आणला तर तो पदार्थ यादीत वर चढतो आणि चटकन नजरेत भरतो. तोच चार-पाच पदार्थांत वाटला की प्रत्येक जण आपापल्या वजनाने खाली सरकतो. या यादीत साखर तिसरी, डेक्स्ट्रोज सहावं, कॉन्सन्ट्रेट सातवं, मध आठवा. ताईंनी 'साखर' हा एक शब्द पाहिला होता. बाकीचे तिघे त्यांच्या लेखी साखर नव्हतेच.

डेक्स्ट्रोज म्हणजे शुद्ध ग्लुकोज, बहुधा मक्याच्या स्टार्चपासून केलेलं. जिभेला ते नेहमीच्या साखरेपेक्षा थोडं कमी गोड लागतं, पण रक्तात जायला त्याला काही पचावं लागत नाही. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते ते दाखवणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सच्या मोजपट्टीवर १०० हा आकडा ग्लुकोजचाच आहे, आणि साखर त्यावर ६५ च्या आसपास येते. ते टोटल शुगर्समध्ये मोजलं जातं, म्हणजे निदान तक्त्यात तरी सापडतं.

फळांच्या कॉन्सन्ट्रेटबद्दल मला जास्त राग आहे, कारण ते फळाच्या पुण्याईवर विकलं जातं. सफरचंदाचा रस काढायचा, चोथा आणि त्याबरोबर बहुतेक तंतू बाजूला टाकायचे, आणि उरलेल्या रसातलं पाणी उडवून तो घट्ट पाकासारखा करायचा. मूळ रसात साखर साधारण ११-१२ टक्के असते, कॉन्सन्ट्रेटमध्ये ती ७० टक्क्यांच्या घरात जाते. अनेकदा त्याचा रंग आणि वासही काढून टाकतात. मग उरतो तो निव्वळ गोड पाक. खोक्यावर चित्र स्ट्रॉबेरीचं आणि आत पाक सफरचंदाचा, याचं कारण हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांचा रस, त्याचं कॉन्सन्ट्रेट, मध आणि पाक यांतली साखर 'फ्री शुगर्स'मध्येच धरली आहे, म्हणजे आपण चमच्याने घालतो त्या साखरेच्याच पंक्तीत. अख्ख्या सफरचंदातली साखर त्यात नाही. आपल्याकडच्या दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांतही साखरेऐवजी असं कॉन्सन्ट्रेट वापरलं तर 'नो ॲडेड शुगर' म्हणता येत नाही. तेव्हा हा दावा पुढे आणि कॉन्सन्ट्रेट मागे, असा खोका दिसला तर तो अन्न व औषध प्रशासनाला दाखवण्यासारखा आहे.

कॉन्सन्ट्रेट असलेल्या खोक्यावर एक वजाबाकी जरूर करावी. टोटल शुगर्समधून ॲडेड शुगर्स वजा करायच्या. मका, ओट्स, गहू यांत स्वतःची साखर अगदी थोडी असते. इथे फरक ३ ग्रॅमचा आला. धान्य आणि सुक्या फळांचे तुकडे मिळून तो पटतो. पण एखाद्या खोक्यात हाच फरक ८-१० ग्रॅम असेल आणि आत मनुका, खजूर किंवा दूध पावडर भरपूर नसेल, तर कॉन्सन्ट्रेटची साखर 'नैसर्गिक' म्हणून ॲडेडच्या बाहेर ठेवली असण्याची शंका घ्यावी.

आता माल्टोडेक्स्ट्रिन. खरी अडचण याची आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या स्टार्चवर आम्ल किंवा एन्झाइम घालून ती माळ तोडली की आखूड तुकडे मिळतात. त्या पांढऱ्या, जेमतेम गोड पावडरीला माल्टोडेक्स्ट्रिन म्हणतात. सीरियलमध्ये ते फ्लेक्सवर चकाकी आणतं, फळांचे स्वाद धरून ठेवतं, कुरकुरीतपणा टिकवतं आणि वजन भरतं. तक्त्यातल्या 'शुगर्स' या शब्दात एक किंवा दोन मण्यांच्याच साखरा मोजतात. माल्टोडेक्स्ट्रिनचे बहुतेक तुकडे त्याहून लांब असतात, त्यामुळे ते टोटल शुगर्समध्ये जवळपास येतच नाही आणि ॲडेड शुगर्समध्येही नाही. ते फक्त कार्बोहायड्रेटच्या मोठ्या आकड्यात असतं. आतड्यात मात्र ते तुकडे झटपट सुटे होतात आणि ग्लुकोज म्हणून रक्तात उतरतात, साधारण ग्लुकोजच्याच वेगाने. एका ग्रॅममागे कॅलरी साखरेइतक्याच, चार.

मग ते किती आहे हे ओळखायचं कसं? कंपनीने आकडा दिलेला नसतो, पण यादीतच खुणा असतात. ज्या घटकाचं चित्र किंवा नाव मिरवलं आहे त्याची टक्केवारी कंसात द्यावी लागते. या खोक्यात माल्टोडेक्स्ट्रिन फळांच्या तुकड्यांच्या आधी आहे आणि ते तुकडे ४ टक्के आहेत. म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन निदान ४ टक्के असलंच पाहिजे. ते साखरेच्या नंतर आहे, म्हणून साखरेहून जास्त नाही. ॲडेड शुगर्सच्या १८ ग्रॅममधून डेक्स्ट्रोज, कॉन्सन्ट्रेट आणि मधाचा कमीत कमी वाटा, म्हणजे प्रत्येकी साधारण एक ग्रॅम, काढला तर साखर फार तर १५ च्या आसपास. तेव्हा माल्टोडेक्स्ट्रिन ४ ते १५ च्या मध्ये कुठेतरी. यापेक्षा बारीक उत्तर खोका वाचून मिळत नाही. शिवाय हा क्रम कालवतानाच्या वजनाचा असतो, भाजताना पाणी उडून आकडे थोडे हलतात.

पण खालचा आकडा धरला तरी चित्र बदलतं. ॲडेड शुगर्स १८ आणि माल्टोडेक्स्ट्रिन निदान ४, मिळून २२. ओट्स १८. ज्या ओट्सच्या चित्रावर खोका विकला जातो, त्याहून त्यात या गोड मंडळींचंच वजन जास्त आहे. ही बेरीज मांडली तेव्हा ताई बराच वेळ त्या ओट्सच्या चित्राकडे बघत राहिल्या.

दुसरी गोष्ट वाढपाची. खोक्यावर एक वाढप ३० ग्रॅम लिहिलं होतं, ॲडेड शुगर्स ५.४ ग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या ११ टक्के. ही मर्यादा २००० कॅलरी खाणाऱ्या प्रौढाची, ५० ग्रॅम साखरेची आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाची गरज त्याहून कमी असते, म्हणजे त्याच्यासाठी तोच चमचा जास्त टक्क्यांचा. आणि ३० ग्रॅम कोण खातं? ताईंना घरच्या वाटीत रोजच्यासारखं भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायला सांगितलं, तर ६० ग्रॅम भरलं. त्यात ॲडेड शुगर्स जवळपास ११ ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन निदान २.४. सपाट तीन चमचे गोड, वर दुधातली साखर वेगळी.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. माल्टोडेक्स्ट्रिन विष नाही. ते मान्यताप्राप्त घटक आहे, आणि मक्याच्या फ्लेक्सचा स्वतःचा स्टार्चही भाजून-फुगवून इतका मोकळा झालेला असतो की तोही वेगानेच पचतो. मुलाला साडेदहाला भूक लागते त्याचा सगळा दोष एका पावडरीवर टाकता येणार नाही. वाटीत प्रथिनं आणि तंतू कमी आहेत, हेही तितकंच कारण आहे. दुसरं, 'रेझिस्टंट माल्टोडेक्स्ट्रिन' किंवा 'रेझिस्टंट डेक्स्ट्रिन' असं लिहिलं असेल तर ती वेगळी वस्तू आहे. ती लहान आतड्यात पचत नाही आणि तंतूंत मोजली जाते. तिला पाहून खोका परत ठेवायचं कारण नाही.

मधुमेह असलेल्यांनी मात्र साखरेच्या रकान्यावर अजिबात विसंबू नये. त्यांनी कार्बोहायड्रेटमधून तंतू वजा करून येणारा आकडा पाहावा. या खोक्यात तो ७८ आहे, २१ नाही.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये टोटल शुगर, मीठ आणि संपृक्त मेद ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. पाऊल चांगलं आहे, पण शुगरचा आकडा ठळक झाला की त्याच्या बाहेर राहणाऱ्या घटकांकडे वळण्याचा मोह कंपन्यांना वाढेल. म्हणून दोन मागण्या. कॅनडात घटकांच्या यादीत 'शुगर्स' या एका शब्दापुढे कंसात साखर, पाक, कॉन्सन्ट्रेट असे सगळे गोड घटक एकत्र लिहावे लागतात आणि त्यांच्या एकत्रित वजनावर त्यांची जागा ठरते. तसा नियम इथे व्हावा. आणि माल्टोडेक्स्ट्रिनची टक्केवारी, चित्रातल्या स्ट्रॉबेरीची द्यावी लागते तशीच, यादीत कंसात द्यावी लागावी. नियमांच्या मसुद्यांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा त्याची बातमी आपल्या दैनिकाने मुदतीसह छापली, तर माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच आया स्वतः लिहायला तयार आहेत.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक,
दादर, मुंबई