आईची टाच आणि यंदाचं गिरनार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र बाबांनी आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. फोनवर टाचेचा विषय निघाला की आई "बरंय गं आता" म्हणते आणि फोन बाबांच्या हातात देते, म्हणून लिहायला बसले. आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. दत्तजयंतीच्या गिरनारच्या यादीतून मी आईचं नाव काढायला लावलंय. नलूमावशीशी काल बोलणं झालं. भरलेले पैसे ती पुढच्या वर्षीच्या गटात वळते करून घेणार आहे. आई, मावशीवर रागावू नकोस, ती आधी तयार नव्हती. मीच हट्ट धरला.

तू रोपवेचं म्हणशील. रोपवे अंबाजीपर्यंतच जातो. तिथून दत्तपादुकांपर्यंत जवळजवळ निम्म्या पायऱ्या उरतात, त्याही सरळ चढणीच्या नाहीत. गोरखनाथांच्या टोकानंतर खाली उतरायचं, पुन्हा चढायचं आणि येताना तेच उलट. पायरी चढताना पाऊल चवड्यावर येतं, बोटं वर वळतात आणि त्याच क्षणी तळव्यातला पट्टा सगळ्यात जास्त ताणला जातो. तुझा नेमका तोच पट्टा दुखावलाय. गेलीस तर तू पोहोचशीलही, तुझी जिद्द मला माहीत आहे. पण नंतरचे कित्येक महिने सकाळी पलंगावरून उठताना रडू येईल, आणि तेव्हा मी इथे असेन, तिथे नाही.

गौरी जेवल्या त्या दुपारी मी तुझं पाऊल मांडीवर घेतलं होतं, आठवतं? टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, थोडं पुढे अंगठा दाबला तेव्हा तू पाय झटकन ओढून घेतलास. मग मी पायाची बोटं वर ओढून तिथेच दाबलं, तर जास्त दुखलं. टाच दोन्ही बाजूंनी मुठीत धरून आवळली तेव्हा मात्र काही वाटलं नाही. हाडाला चीर गेली असती तर तिथे कळ आली असती. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, सूज नाही. सकाळची पहिली पावलं कपाटाला धरून, न्हाणीघरापर्यंत गेलीस की सैल वाटतं, आणि दुपारी बसून उठलीस की पुन्हा तेच. हे सगळं प्लांटर फॅसायटिसचं लक्षण आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या आयांच्या टाचा हातात घेते, त्यामुळे हे मला लगेच ओळखू आलं, आणि तुझी टाच फोनवर बघावी लागते याचं वाईटही तितकंच वाटतं.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. पावलाची कमान त्याच्यावर पेललेली असते. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा रात्रभर आखडून पडतो, आणि सकाळी तू उभी राहिलीस की अख्खं वजन त्याच्यावर एकदम येतं. जिथे तो टाचेला चिकटलेला आहे तिथेच कळ येते. चार पावलांत तो थोडा सैल होतो म्हणून बरं वाटतं, पण बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नाही. हे वयानं झालं, असं तू सगळ्यांना सांगत सुटलीयस. माझ्या मते खरं कारण अजिंक्यतारा आहे. गिरनारची तयारी म्हणून आषाढात तू रोज किल्ला चढायला लागलीस, तेही त्या पातळ, सपाट चपलांत. त्याआधी वर्षभर तुझं चालणं बाजारापुरतं होतं. भार एकदम वाढला, त्यात पोटऱ्या आखडलेल्या, आणि घरी आलीस की ओट्याशी त्या नव्या टाइल्सवर अनवाणी उभी.

एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं म्हणून तू घाबरली आहेस. घाबरू नकोस. तसं टोक कितीतरी लोकांच्या टाचेत असतं आणि त्यांना काही दुखत नाही. उलट टोक तसंच राहून दुखणं पूर्ण थांबलेले पेशंट मी रोज बघते. ते हाड कापायचं नाही, झिजवायचं नाही, त्याचा विचारही करायचा नाही. इंजेक्शनचंही डॉक्टरांशी मी बोलले. ते म्हणाले, व्यायाम करून बघा, तीन महिने थांबायला हरकत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं थोडे आठवडे छान वाटतं, पण तो आराम बहुधा टिकत नाही, आणि क्वचित पट्टा तुटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. तीन महिन्यांनी काहीच फरक नसेल तर मी स्वतः तुला घेऊन जाईन.

आता नीट ऐक. सकाळी जाग आली की पाय जमिनीला लावायचे नाहीत. पलंगाच्या कडेला बसायचं, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, त्याच बाजूच्या हातानं पायाची पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपायचा. आत तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ पट्टा लागला तर बरोबर ओढलंय. लागला नाही तर बोटं अजून थोडी ओढ. दहापर्यंत सावकाश मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. दुपारी झोपून उठल्यावर एकदा, आणि संध्याकाळची मालिका संपली की उठायच्या आधी एकदा. गुडघ्यावर पाय येत नसेल तर ओढणीचा फास बोटांत अडकवून ओढ. सकाळचा एक व्यायाम चुकला तर बाकीच्या दोघांचा फायदा अर्धाच होईल असं समज, आणि बाबा, तो होईपर्यंत चहा तुम्ही टाकायचा. आईला आयता चहा मिळाला म्हणजे ती लगबगीनं उठणार नाही.

पोटऱ्यांसाठी भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ ठेवून पुढे झुकायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट. दोन्ही तीन-तीनदा. हे अनवाणी नाही, चपला घालून.

काही आठवड्यांनी सकाळची कळ कमी झाली की पट्ट्याला ताकद द्यायची. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवून, ओटा धरून, दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या. तीन मोजत वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. एक दिवसाआड, रोज नाही. पण हे आधी मला विचारून. दिवाळीत मी आले की माझ्यासमोर पहिल्यांदा करू.

पार्सल दोन दिवसांत येईल. त्यात घरात घालायच्या मऊ चपला आहेत, टाचेला जाड गादी आणि मधे कमानीला आधार असलेल्या. देवघरात आणि स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही हे मला ठाऊक आहे. आजीच्या काळापासूनचा तो नियम मी मोडायला सांगत नाही. म्हणूनच ही जोडी कोरी पाठवलीय, ती कधी उंबऱ्याबाहेर नेऊ नकोस. देवापुढे काढ, तिथे तू बसूनच असतेस. ओट्याशी मात्र घालच. बाहेरचे बूटही आहेत. लहानपणी शाळेचे बूट घेताना तू माझ्यासमोर फरशीवर बसायचीस आणि पुढून अंगठ्यानं दाबून बघायचीस, बोटांना जागा आहे ना. आता तसंच स्वतःच्या बुटांचं बघ. शिवाय दोन्ही हातांनी बूट पिळून बघ, फडक्यासारखा पिळला गेला तर तो बूट नको. वाकला पाहिजे तो फक्त बोटांजवळ. मधे वाकत असेल तर बदलून मागवू. बुटात घालायचे, मापाचे, खास बनवून घ्यायचे महागडे तळवे बाबांनी कुठेतरी पाहिलेत, ते आत्ता नको. साध्या तयार तळव्यांनीही बहुतेकांना तितकाच आराम पडतो.

संध्याकाळी बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं तळव्याखाली फिरव. काकूंनी सांगितलेला गरम वीट आणि रुईच्या पानाचा शेक बंद कर. शेकानं बरं वाटतं हे खरं, पण कातडी भाजते. हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घे. आणि बाबा, तुम्ही मात्र यातलं काहीही आपल्या पायांवर करून बघायचं नाही, ना बर्फ ना शेक. साखरेमुळे तुमच्या तळव्यांना थंड-गरम नीट कळत नाही. तुमच्या ड्रॉवरमधल्या दुखण्याच्या गोळ्याही आईला रोज द्यायच्या नाहीत. तिला बीपी आहे.

किती दिवस, हे तू विचारशील म्हणून खरं तेच सांगते. बहुतेकांची टाच सहा महिने ते वर्षभरात बरी होते, ऑपरेशनशिवाय. पण ती रोज थोडी थोडी बरी होत नाही. चार दिवस छान जातात, मग एका लग्नात तासभर उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा कळ. त्यानं खचू नकोस. बाबांनी कालनिर्णयवर रोज सकाळच्या पहिल्या पावलांचा आकडा लिहावा, दहापैकी किती दुखलं. आदल्या सकाळपेक्षा आकडा वाढला तर काल चालणं जास्त झालं, एवढा साधा हिशेब. सध्या सपाट रस्त्यावर, बूट घालून, पंधरा-वीस मिनिटं चाल. किल्ला नाही, जिने कमी. आकडा सलग काही आठवडे दोनच्या खाली राहिला की चढाला आपण हळूहळू सुरुवात करू. मग पुढच्या दत्तजयंतीला मी रजा काढून तुझ्याबरोबर येईन. हे मी मावशीला सांगूनही टाकलंय, दोन नावं घातलीत.

रात्री पडल्या पडल्या ठणकलं, मुंग्या आल्या, टाच लाल होऊन सुजली, दोन्ही टाचांबरोबर सांधेही सकाळी बराच वेळ आखडायला लागले किंवा पायावर वजनच टाकता येईना, तर दिवाळीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि मला फोन करायचा, रात्र असली तरी.

भांड्यांच्या मावशींना मी एक तारखेपासून पोळ्यांसाठीही यायला सांगितलंय. पोळ्या तुझ्यासारख्या होणार नाहीत. भाजी-आमटी तूच कर, उंच स्टूल ओट्याशी ओढून, बसून. पार्सल आलं की बूट घालून घरातल्या घरात चालतानाचा व्हिडिओ बाबांनी पाठवावा, पायांचा, चेहऱ्याचा नाही, आणि मागून काढलेला.

तुमची,
चिऊ