विषय: लग्नानंतर नाव बदलायला दिले, तुम्ही निम्मेच बदलले

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

आज हेल्पलाइनवर अर्धा तास गाणे ऐकवून शेवटी "मॅडम, ब्रँचला भेट द्या" असे सांगितले गेले. चार वेळा भेट दिली आहे, म्हणून आता लेखी देते.

लग्नानंतर माझे आडनाव बदलले तसे मधले नावही बदलले. वडिलांच्या जागी नवऱ्याचे आले. आधार आणि पॅनवर नवे नाव आधीच लागले आहे. अर्जासोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आधार आणि पॅनच्या सही केलेल्या झेरॉक्स दिल्या, ओरिजिनल काउंटरवर दाखवले. पंधरा दिवसांनी पासबुक मिळाले. त्यात पहिले नाव माझे, मधले वडिलांचे आणि आडनाव सासरचे. या नावाची बाई माझ्या एकाही कागदावर नाही. ती फक्त तुमच्या बँकेत राहते.

पॅनवरच्या नावाशी हे जुळत नसल्याने आयकराच्या पोर्टलवर खाते व्हॅलिडेट होत नाही आणि माझा रिफंड अडकला आहे.

दुरुस्तीला गेले तर काउंटरवरचे साहेब पासबुक उलटसुलट करून म्हणाले, "आडनाव तर बदललंय की!" मी मधल्या नावावर बोट ठेवले. "त्याला गॅझेट लागेल." मी म्हटले, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र असे आहे, आणि प्रमाणपत्र तुमच्याच फायलीत आहे. यावर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "असं करा, मिस्टरांना पाठवा. त्यांना नीट समजावून सांगतो."

खाते माझ्या एकटीचे आहे, लग्नाआधीपासूनचे. पगार माझा जमा होतो. मिस्टर त्यात नॉमिनीसुद्धा नाहीत. त्यांना नेमके काय समजावणार होता? 'किंवा'चा अर्थ? रांगेतले दोघे हसले. मला त्या दिवशी काहीच बोलता आले नाही, म्हणून इथे बोलते आहे.

संध्याकाळी एसएमएस आला की तुमची विनंती पूर्ण झाली आहे. वा!

मधले नाव दुरुस्त करा. तेही कस्टमर आयडीला, नुसते पासबुक छापून देऊ नका. माझ्या एफडी त्याच आयडीखाली आहेत, त्या उद्या वेगळ्या नावाने निघाल्या तर पुन्हा हीच वारी. चेकबुक आणि डेबिट कार्डही नव्या नावाचे द्या. गॅझेट हवेच असेल तर कोणत्या नियमाने, ते सही-शिक्क्यासह लेखी द्या. तोंडी नको, तोंडी खूप ऐकले.

या पत्राची पोच द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाईल. एफडी मोडून दुसरीकडे नेण्याचे मात्र आताच ठरवले आहे. नावाचे काम झाले की लगेच, कारण त्याआधी तुम्ही ती कोणाच्या नावाने मोडाल याचा भरवसा नाही.

खातेदार
(नाव आधारप्रमाणे वाचावे. तिन्ही शब्द.)