सूचना : फोनवर बदललेला दर त्याच दिवशी लिहून पाठवा

भोसरी-चाकण पट्ट्यातील सर्व जॉबवर्क सभासदांसाठी,

फोनवर होकार देणारा माणूस प्रॉडक्शनचा असतो. बिल पास करणारे अकाउंट्स मात्र फक्त पीओ पाहते. पीओत ४२ रुपये दर असेल आणि वाढीव स्लॉटसाठी ४६ फोनवर ठरले असतील, तर ५०० नगांवर २००० रुपये तिथेच अडकतात. तोंडी करार कायद्याने चालतो, पण तो सिद्ध करायचा कसा, हीच खरी अडचण!

म्हणून फोन ठेवल्यावर तासाभरात, पर्चेसलाही प्रत ठेवून, असा मेल करा :

“आज दुपारी ३.१० च्या फोनवर ठरल्याप्रमाणे : ब्रॅकेट, ड्रॉइंग रिव्हिजन बी, ५०० नग. दर ४२ ऐवजी ४६ रुपये, जीएसटी वेगळा. मटेरियल तुमचे. डिलिव्हरी शुक्रवारी. कृपया ‘मान्य’ कळवा व सुधारित पीओ पाठवा.”

“उत्तर न आल्यास मान्य समजू” या ओळीवर विसंबू नका. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. उत्तर येईपर्यंत नवा स्लॉट मारू नका. घाई असेल तर निदान व्हॉट्सॲपवर ‘मान्य’ घ्या, आणि त्या चॅटचे डिसअपिअरिंग मेसेज बंद आहेत ना, तेही बघा. नुसत्या स्क्रीनशॉटवर शंका घेता येते, त्यामुळे मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांनी पैशांची मुदतही लिहावी. लेखी ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जात नाही.