गुडघा दुखतो म्हणणारा मुलगा

प्रिय दिनू,

गुडघा धरून येणारी मुलं माझ्याआधी तुझ्याकडे येतात, म्हणून हे तुला लिहायलाच हवं.

जुलैमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात भेटला. वय १३, वजन ६८ किलो. जरासा लंगडत होता. "काका, उजवा गुडघा दुखतो." त्याला तिथेच पायरीवर बसवून मी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. सूज नाही, गरम लागत नाही, पूर्ण वाकतोय. खेळताना ताण आला असेल म्हणालो आणि वर निघून आलो. मी हाडांचा डॉक्टर, आणि माझा हात गुडघ्याच्या वर गेला नाही. ते मला अजून खातं रे.

तीन आठवड्यांनी त्याची आई आली. मधल्या काळात तेल चोळून झालं होतं, गुडघ्याला पट्टा आणला होता, गुडघ्याचा एक्स-रेही काढला होता. तो अगदी स्वच्छ होता, असणारच. ती म्हणाली, "चालताना उजवं पाऊल बाहेर टाकतो, शाळेत मुलं चिडवतात." ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

मग त्याला नीट टेबलावर उताणा झोपवला. गुडघा वाकवून मांडी सरळ पोटाकडे नेऊ लागलो. डावी मांडी सरळ आली. उजवी मात्र वर येता येता आपोआप बाहेरच्या अंगाला फिरली, मी धरून सरळ ठेवू म्हटलं तरी राहीना. मांडी आतल्या बाजूला वळवायला गेलो तर वळलीच नाही, आणि तो कळवळला. हात कुठे नेला सांगू? गुडघ्यावर! दुखणं खुब्यात होतं, पण त्याला कळत होतं गुडघ्यातच. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना देणाऱ्या नसा सामाईक आहेत, त्यामुळे मेंदूची गल्लत होते. मूल खोटं बोलत नसतं, आपणच त्याच्या बोटामागे जातो.

त्याचा खुबा घसरला होता. मांडीच्या हाडाचा चेंडू आणि मान यांच्यामध्ये या वयात वाढीची कूर्चा असते. मूल झपाट्याने उंच होत असतं, त्यात वजनाचा भार, मग ती कूर्चा हळूहळू सरकते. चेंडू वाटीतच राहतो, पण मान पुढे आणि वर सरकते, म्हणून पाऊल बाहेर वळतं. मुलींमध्ये हे थोडं आधी दिसतं. दहाच्या आतलं किंवा किरकोळ अंगाचं मूल असेल तर थायरॉईड आणि इतर ग्रंथी तपासायला हव्यात.

एक्स-रेचं नीट ऐक. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये थोडं घसरलेलं सहज निसटतं. मानेच्या वरच्या कडेला पट्टी लावून रेघ पुढे ओढली, तर ती चेंडूचा थोडा भाग कापायला हवी. याची रेघ डाव्या बाजूला चेंडू कापत होती, उजवीकडे जेमतेम चाटून गेली. पण खरं चित्र दिसलं ते मांड्या बेडकासारख्या फाकवून काढलेल्या दुसऱ्या फिल्ममध्ये. तिथे चेंडू मानेवरून मागे ओघळलेला स्पष्ट दिसत होता.

मी त्याला त्या क्षणापासून चालू दिलं नाही, व्हीलचेअरवरूनच वॉर्डात नेलं. दुसऱ्या दिवशी चेंडू आहे त्याच जागी एका स्क्रूने पक्का केला. ओढून जागेवर बसवायचा मोह आवरावा लागतो, कारण जोर लावला तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरतो. हीच भीती, एखाद्या मुलाला पाय टेकवताच येत नसेल तर, कितीतरी पटीने वाढते. असा आला तर मांडी फाकवू नकोस, वळवून बघू नकोस, झोपवूनच पाठव.

आपला मुलगा वॉकरवरून कुबड्यांवर आला आहे. पाऊल थोडं बाहेर वळलेलंच राहील, तीन आठवडे आधी पकडलं असतं तर कदाचित कमी वळलं असतं. आता दर तीन महिन्यांनी डाव्या खुब्याचाही फोटो घेतोय, कूर्चा भरून येईपर्यंत. दुसरी बाजूही घसरू शकते, आणि तेव्हाही तो गुडघाच दुखतो म्हणेल. त्याच्या आईला हे मी वहीत लिहून दिलंय.

तुझ्याकडे सहा-सात वर्षांचंही कुणी गुडघा धरून लंगडत येईल. तिथे चेंडूचा रक्तपुरवठा आटण्याचा आजार डोक्यात ठेव, खुबा तसाच वळवून बघ. आणि ताप असून पाय हलवू देत नसेल, तर खुब्यात पू असू शकतो, त्याला रात्रभर थांबवू नकोस.

परवा फोनवर तू त्या सातवीतल्या मुलाबद्दल म्हणालास, महिनाभर गुडघा दुखतोय आणि गोळ्यांनी उतार नाही. उद्याच बोलावून घे. टेबलावर झोपवून मांडी पोटाकडे ने, आणि फोटो मला पाठव. गुडघ्याचा नको, दोन्ही खुब्यांचा, आणि दोन्ही तऱ्हेने काढलेला.

तुझा,
बाळू