वरचं तेल ओतू नकोस

चि. मनू,

काल फोनवर म्हणालीस, बाबा काही विशेष नाही, लॅबमध्ये जरा चक्कर आली एवढंच, आणि लगेच पीनट बटरचा विषय काढलास. वर आलेलं तेल ओतून दिलंस आणि आता खाली दगड झालाय, चमचाही शिरत नाही. चक्करेबद्दल काही लिहायचं नाही असं आईला कबूल करून बसलोय, त्यामुळे फक्त पीनट बटर.

ते तेल म्हणजे बिघाड नाही गं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, दळताना ते मोकळं होतं आणि जड चोथा हळूहळू खाली बसतो. तेल ओतून दिलंस की खाली पेंडच उरणार, आपल्या घाण्यावर निघते तशीच.

आता अर्धा किलो दाणे घे. आधी निवड. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे सरळ फेकून दे, बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही. आजोबा पोत्यातून दाणा काढून दाताखाली धरायचे आणि खवट लागला की पोतं परत पाठवायचे, तू त्यांच्या मांडीवर बसून तस्साच चेहरा करायचीस. असो.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाज, पंधरा-वीस मिनिटं, हात थांबवू नकोस. साल चोळून निघायला लागलं की एक दाणा फोडून बघ, आतून फिकट बदामी दिसायला हवा. मोठ्या आचेवर साल काळं होतं पण आत दाणा कच्चाच राहतो, मग लोणी मातकट लागतं. झाले की लगेच ताटात काढ, गरम कढईत ते भाजतच राहतात. सालं फडक्यात चोळून काढ. सकाळी कॉलेजच्या घाईत हे करू नकोस, रविवारी कर, आणि त्या दिवशी तरी नाश्ता करून मग कर. बघ, आलोच मी तिथे.

दाणे कोमट असतानाच मिक्सरला लाव, कोमट दाण्याला तेल लवकर सुटतं. भांडं पूर्ण कोरडं हवं आणि निम्मंच भर. आधी कूट होईल, मग गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटेल आणि पातं नुसतंच फिरेल. इथेच सगळे घाबरून पाणी घालतात. अजिबात घालू नकोस! घाण्यात आपण पाण्याचा शिपका मारतो तो पेंड गोळा व्हावी आणि तेल सुटावं म्हणून, तुला तर नेमकं उलटं हवंय. कडा खरवडून खाली घे, अर्धा मिनिट फिरव, मिक्सरला जरा थंड होऊ दे, परत फिरव. थोड्या वेळाने गोळा मोडतो, चकाकी येते आणि लोणी चमच्यावरून धारेने पडायला लागतं. अगदीच अडलं तर चमचाभर शेंगदाणा तेल घाल. मीठ बारीक आणि शेवटी. गूळ बाटलीत नकोच, त्याच्यातल्या ओलाव्याने सगळं घट्ट होतं, खाताना वरून घे.

तेल वर येऊ नये म्हणून पहिली गोष्ट, भरपूर बारीक दळ, कण जितका बारीक तितका सावकाश खाली बसतो. दुसरी, बाटली लगेच फ्रीजमध्ये ठेव, थंडीत तेल दाट होतं आणि कण हलत नाहीत. कंपन्या हायड्रोजनेटेड फॅट घालतात, ते गरम लोण्यात विरघळतं आणि थंड होताना त्याची बारीक जाळी बनून तेल धरून ठेवते. तू फार तर दोन छोटे चमचे खोबरेल घाल, पण ते साधारण पंचवीस डिग्रीच्या खालीच थिजतं, म्हणजे फ्रीजमध्येच उपयोगी, पुण्याच्या एप्रिलमध्ये बाहेर ठेवलंस तर काही नाही. तरीही तेल आलंच तर सुरीने तळापासून ढवळ. आत्ताच्या त्या दगडात थोडं शेंगदाणा तेल घालून परत मिक्सरला लाव, सुटेल.

हे सगळं लिहिलं पण पीनट बटरने हिमोग्लोबिन वाढत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. चिडू नकोस. एकटी राहून सगळं निभावतेस याचं मला खूप कौतुक आहे, आत्यालाही तेच सांगत असतो, पण लॅबमध्ये सगळी काचेची भांडी, तिथे पडलीस म्हणजे? परवा आईला चक्कर आली होती तेव्हा तूच किती ओरडली होतीस.

आपल्या घाण्याचं तेल आणि निवडलेले दाणे पार्सल करतोय. रिपोर्टचा फोटो उद्या पाठव, आईच्या नाही, माझ्या नंबरवर.

तुझे बाबा