तुझा काल रात्रीचा फोन

बेटा,

काल तू फोनवर म्हणे, आई, बारा दिवस झाले रूमवरच्या मित्राला गोळ्या सुरू होऊन अन तो अजून पलंगावरून उठत नाही, मी काय करू. तू ठेवल्यावर मला झोपच नाही लागली म्हणून लिहितेय.

आधी गोळ्यांचं. डिप्रेशनच्या गोळ्या क्रोसिनसारख्या तासाभरात लागू पडत नाहीत, फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहासुद्धा, अन मळमळ, झोप बिघडणं, बेचैनी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे पोराला आधी त्रासच कळतो, फायदा नाही, अन तिथंच खूप जण मनानेच गोळी सोडतात. तो असं म्हणाला तर भांडू नको, 'डॉक्टरांना फोन लावू, मी बसतो बाजूला' इतकंच म्हण.

तुझ्या मावशीच्या वेळी मी चुकले रे. डबाभर भरीत अन कळण्याच्या भाकरी घेऊन गेले अन दोन तास समजावत बसले, फिरायला जा, देवाचं नाव घे, तुला काय कमी आहे. ती शेवटी हळूच म्हणे, ताई, तू जाशील कधी? लई लागलं मला ते. पुढच्या वेळी मेथीची जुडी घेऊन गेले, गप निवडत बसले, अर्ध्या तासाने तिनेही चार काड्या उचलल्या. बोललो काहीच नाही. तू पण 'काय करू तुझ्यासाठी' विचारू नको, त्याला तेही ठरवता येत नसेल, 'मेसमधून डबा आणतो, भात की पोळी' असं विचार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारायची, 'मरायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तुमच्या वयाच्या पोरांमध्ये गोळीच्या सुरुवातीला असे विचार वाढूही शकतात म्हणून म्हणते. हो म्हणाला तर एकटं सोडू नको, डॉक्टरांना अन त्याच्या घरी कळव, रात्री-बेरात्री टेली मानसचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात, अन काही करायच्या बेतात दिसला तर सरळ ११२. त्याने शपथ घातली तरी हे गुपित ठेवायचं नाही, रागावला तर रागावू दे.

अन तू. तो हसला नाही म्हणजे तू कमी पडला असं नाही, तो आजारी आहे. तू रात्री दोन-दोनपर्यंत जागतोस हे तुझ्या आवाजावरून कळतं मला. रूमवरच्या तिसऱ्या पोराला सांग, एक रात्र त्याची, एक तुझी. हतबल वाटलं की ते त्याच्यापुढे नको काढू, मला फोन कर, मी उपाय सांगणार नाही, नुसती ऐकेन, रड पाहिजे तर.

शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघ, बाबा जळगाव स्टेशनवर येतील. त्यालाही विचार, नाही म्हणाला तर आग्रह नको, तिसऱ्याला थांबव त्याच्यापाशी. शेवभाजी करून ठेवते, त्याचा डबा परत जाताना ने.

आई